हिरवीच्या जागी केशरी

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या दुकानातून मी मोबाईलवर साड्यांचं लाईव्ह करते. समोरच्यांना चित्र थोडं उशिरा दिसतं, हे ठाऊक असूनही एकदा हिरवी साडी दाखवून मी घाईनं केशरी उघडली. तेवढ्यात हिवरखेडच्या एका ताईंची ‘बुक’ अशी कमेंट आली. मी केशरी पाठवली.

पुढच्या लाईव्हमध्ये त्यांनी लिहिलं, ‘ते हिरवी पुन्हा दाखवा.’ मला चूक कळली. मी फोन केला.

“ताई, केशरी परत कावून नाही केली?”

“लेकीच्या साखरपुड्याले नेसली न. मले वाटलं, हिरवी संपली असंन, तुमी चांगली पाहून पाठवली.”

आता साडीचा नंबर सांगून कमेंटी येईपर्यंत मी तिचाच पदर धरून थांबते.