डाव्या चाकाबद्दलचं पत्र

काचबिंदूमुळे माझं बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, हे कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी नुकताच सरकारी नोकरीतून निवृत्त झालो होतो. त्याच सुमारास माझं लायसन संपलं. नव्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते मला मिळणार नव्हतं. बायकोनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. साठीला आलेली बाई, पण दुसऱ्याच खेपेला परीक्षा पास झाली. आता गाडी ती चालवायची, मी शेजारी बसायचो.

म्हणजे बाहेर. कुकटपल्लीत आमच्या सोसायटीच्या आवारात आणि फाटकाजवळ गाडी मीच चालवत असे. फाटकातून बाहेर पडायचं, पहिलं वळण घ्यायचं, औषधांच्या दुकानापुढे थांबून जागा बदलायच्या. परततानाही तसंच. खाली बाकावर बसणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना कळू नये, एवढंच. पाचच मिनिटं, दारातला रस्ता, असं मी स्वतःला समजावत असे. बायकोला हे पसंत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं एकदा म्हणून पाहिलं, "अहो, लोकांना काय पडलंय?" पुन्हा तिनं विषय काढला नाही.

अपघात झाला तो तिथंच. आम्ही अफझलगंजहून मसाले घेऊन परतत होतो. औषधांचं दुकान दिसलं तसा मी म्हणालो, "हं, घे कडेला." तिनं इंडिकेटर दिला, गाडी डावीकडे घेतली, आणि त्याच वेळी मागून एक ऑटो डाव्या बाजूनंच पुढे घुसला. डावा दरवाजा खरवडत गेला. ऑटो पुढे निसटला, पण दचकून तिनं स्टिअरिंग आणखी डावीकडेच फिरवलं, आणि पाय ब्रेकवर जरा उशिरा पडला. पुढचं डावं चाक फुटपाथच्या दगडी कडेवर धाडकन आदळलं, बंपरचा कोपरा फुटला. कुणाला लागलं नाही. ऑटोवाला "क्या अम्मा, देखके चलाव ना!" म्हणाला आणि निघून गेला.

खाली उतरून पाहिलं तर अलॉय व्हीलच्या कडेला मोठी चीर, टायरची बाजू आतपर्यंत फाटलेली. ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. मी तिला पाणी आणून दिलं. पण पाणी देताना माझं लक्ष रस्त्याकडे होतं, सोसायटीतलं कुणी येतंय का म्हणून.

गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथं बसलेलं एक गिऱ्हाईक छातीठोकपणे म्हणालं, "टायर और व्हील का कुछ नहीं मिलता, इन्शुरन्स में." आमच्या गाडीची चाकं मूळ कंपनीचीच होती, पण महाग. माझी उमर फायलींत गेलेली. म्हटलं, ऐकीव गोष्टींवर कशाला जायचं, विमा कंपनीला लेखी विचारू.

त्याच संध्याकाळी मी सांगत गेलो आणि ती मोबाइलवर मेल टाइप करत गेली, कारण ती बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, विषय. टकरीत पुढच्या डाव्या चाकाचं आणि टायरचं नुकसान झालं आहे, सोबत दरवाजा आणि बंपरही. चाक आणि टायर पॉलिसीत बसतात का, बसत असल्यास किती, हे कृपया कळवावं. मग मी सांगितलं, "मी गाडी चालवत असताना मागून आलेल्या ऑटोनं..."

तिची बोटं थांबली.

"तुमचं लायसन संपलंय."

"अगं, आपण फक्त चाकाचं विचारतोय. लायसन कोण मागतंय?"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. निदान भांडायला तरी हवं होतं तिनं. पाठवल्यावर फोन माझ्या हातात देऊन ती कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिनंच वाचून दाखवलं. नुसताच टायर फाटला असता तर काही मिळालं नसतं. पण त्याच अपघातात गाडीच्या इतर भागांचंही नुकसान झालंय, त्यामुळे नव्या टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम देता येईल. अलॉय व्हील मूळ कंपनीचं असेल तर गाडीच्या वयानुसार घसारा कापून मिळेल. बाहेरून बसवलेलं असेल आणि पॉलिसीत नोंदवलेलं नसेल तर नाही. आधीची झीज किंवा जुनं नुकसान धरलं जाणार नाही. सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये येऊन पाहील. दुरुस्ती तोवर सुरू करू नये. क्लेम फॉर्म भरून द्यावा आणि सोबत, अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याच्या लायसनची प्रत.

शेवटची ओळ तिनं आधीच्याच आवाजात वाचली. मग म्हणाली, "फॉर्मवर माझं नाव घालते. खरं तेच."

"पण पत्रात तर..."

"ते तुम्ही सांगा त्यांना."

सर्व्हेअर तरुण होता, शांत. चाकाभोवती वाकून त्यानं फोटो काढले, टायरची नक्षी बोटानं चाचपली, मागच्या चाकावरचा जुना ओरखडा पाहून म्हणाला, "ये इसमें नहीं आएगा." बायको म्हणाली, "हौ, वो पुराना है." मग त्यानं कागद चाळले आणि मान वर केली.

"फॉर्म में मॅडम का नाम है. आपके मेल में लिखा है, आप चला रहे थे. गाडी कौन चला रहे थे, साब?"

वर्कशॉपचा सल्लागार शेजारीच होता. दोन मेकॅनिक हातातलं काम थांबवून बघत होते. पस्तीस-एक वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांतली विसंगती दाखवून लोकांना खुलासे मागत आलो. आता खुलासा माझ्याकडे मागितला जात होता. बायको सहज म्हणू शकली असती, टाइप करताना माझीच चूक झाली. मनातून मी त्याचीच वाट पाहत होतो, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

"ये चला रही थी," मी म्हणालो. "मेरा लायसन नहीं है. मुझे बाजू का दिखता नहीं. वो मैंने झूठ लिखवाया."

"किसलिए, साब? मॅडम का लायसन तो बराबर है."

याचं उत्तर त्या पोराला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानंच मला सोडवलं. म्हणाला, मेल फक्त चौकशीचा होता, क्लेम फॉर्म खरा आहे; तरी दोन ओळींचा खुलासा सहीनं द्या, मी रिपोर्टला जोडतो, पुढचं कंपनी ठरवेल. फॉर्मवर तुमचं नाव असतं तर क्लेम गेलाच असता, हेही त्यानं सांगितलं. मी तिथंच टेबलावर खुलासा लिहिला. ओळी वाकड्या गेल्या. बायकोनं वाचला, एक शब्द सुधारायला लावला. "चुकून" असं मी लिहिलं होतं, ते तिनं खोडायला सांगितलं.

क्लेम मंजूर झाला, कंपनीनं कळवलं होतं तसाच. टायरचे निम्मे, चाकाचे घसारा कापून, बाकी आम्ही भरले. गाडी घरी आणताना ती औषधांच्या दुकानापुढे न थांबता सरळ फाटकातून आत शिरली. बाकावर तिघं बसले होते. एकानं हात केला, मीही केला. लिफ्टमध्ये मी तिला म्हणालो, "रागावलीस का?"

"त्या दिवशी मी पायरीवर बसले होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात."

लिफ्ट थांबली. अफझलगंजहून आणलेली मसाल्याची पिशवी अजून डिकीतच होती. ती आणायला म्हणून मी पुन्हा खाली गेलो, आणि बराच वेळ खालीच राहिलो.