पस्तीस लाखांचं टिंब

शिवकन्या मॅडम चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट बारीक होई. चौसाळ्याच्या पुढच्या वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या सात वर्षं शिकवत होत्या, आणि वाडीला हा बारीक आवाज ओळखीचा होता. टँकरवाल्याशी त्या याच आवाजात बोलायच्या, पोषण आहाराच्या तांदळात खडे निघाले तेव्हाही याच आवाजात बोलल्या होत्या. त्या स्वतः कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या. सहावी-सातवी दोन्ही वर्षं अर्धी उसाच्या फडात गेली, आणि गणित त्यांनी पुढे एकटीने, दात-ओठ खाऊन शिकलं. म्हणून गणितातली हयगय त्यांना अंगावर आल्यासारखी वाटायची.

२०१९ चा फेब्रुवारी होता. विहिरी डिसेंबरातच आटल्या होत्या. ऊस नाही म्हणून कारखान्यांनी गाळप लवकर आवरलं, आणि कोयत्यावर गेलेली माणसं महिना-दीड महिना आधीच परतली. सहावीच्या वर्गात त्यांची सात पोरं पुन्हा येऊन बसली. त्यांचा बुडालेला अभ्यास मॅडम शाळा सुटल्यावर करून घ्यायच्या. बाटल्या, तागडी, सुतळी, जे हाताला लागेल ते घेऊन.

त्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत मॅडम रूपांतराच्या कृतिपत्रिका तपासायला बसल्या. लांबी, वस्तुमान, धारकता, अशी दहा उदाहरणं होती. पत्रिका त्यांनीच हाताने लिहून चौसाळ्यात झेरॉक्स करून आणली होती. पहिलीच पत्रिका परमेश्वरची, वर्गातला हुशार मुलगा. ‘२.५ किलोमीटर = किती मीटर?’ उत्तर, ०.००२५. मॅडमनी फुली मारली. ‘४५० ग्रॅम = किती किलोग्रॅम?’ साडेचार लाख. ‘३५०० मिलिलिटर = किती लिटर?’ पस्तीस लाख. दहापैकी दहा चूक, आणि दहाही एकाच तऱ्हेने चूक. घरं बरोबर तीन सरकवलेली, पण दशांशाचं टिंब उलट्या दिशेला गेलेलं.

दुसरी पत्रिका तशीच. तिसरी तशीच. एकतीस पत्रिकांपैकी चोवीस अशा निघाल्या, आकडा न् आकडा सारखा.

वर्ग भरल्यावर मॅडम फळ्याशी उभ्या राहिल्या. आवाज इतका बारीक, की मागच्या बाकावरची पोरं पुढे वाकली.

“परमेश्वर, उठ. कुणाचं बघून लिहिलं?”

“न्हाई मॅडम, कुणाचंच न्हाई.”

“चोवीस जणांचं एकच चुकतं होय? पस्तीस लाख लिटर! आपल्या वाडीवर दिवसाआड दहा हजारांचा एक टँकर येतो. तुझ्या एका कॅनमध्ये साडेतीनशे टँकर मावतात का रे? लाज वाटत नाही नक्कल मारायला? उभे राहा चोवीसही जण!”

चोवीस जण उभे राहिले. परमेश्वरचे डोळे भरले, पण तो मान खाली घालायला तयार नव्हता. त्याने वही काढली आणि टेबलावर ठेवली.

“सरांनी सांगितलं व्हतं मॅडम. तुमी मतदार यादीच्या कामावर गेलता तवा.”

वहीत तारीख होती. खाली लाल शाईत, चौकट करून, नियम होता: लहान एककातून मोठ्या एककात जाताना संख्या मोठी होते, चिन्ह उजवीकडे न्या. मोठ्यातून लहानात जाताना संख्या लहान होते, चिन्ह डावीकडे न्या.

मॅडमनी दुसरी वही मागितली. तेच. तिसरीतही तेच. जानेवारीत नऊ दिवस त्या यादीच्या कामाला घरोघर हिंडत होत्या, तेव्हा मुख्याध्यापक अर्जुनराव सरांनी वर्ग सांभाळला होता. आणि बरोबर उत्तरं आलेली सात पोरं कोण? जी त्या नऊ दिवसांत इथे नव्हतीच, उसात होती. योगेश्वरीला बाकीची पोरं ‘ढ’ म्हणत, तिला दहापैकी दहा.

“बसा सगळे,” मॅडम म्हणाल्या. “परमेश्वर, तू नक्कल केली नाहीस. मी चुकीचं बोलले.”

अर्जुनराव ऑफिसात रजिस्टर भरत होते. मॅडमनी वही समोर ठेवली. सरांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि कान लाल झाले.

“घाईत उलटं लिहिलं गेलं असंल,” ते म्हणाले. “एवढं काय त्याचं?”

“फळ्यावर लिहिलंत, चौकट करून. नऊ दिवस पाठ करून घेतलंत. सर, मिली लहान आणि लिटर मोठा. मोठ्या मापाने मोजलं तर कमी वेळा भरावं लागतं, मग आकडा लहानच होणार. टिंब डावीकडेच जाणार.”

“मला शिकवू नका मॅडम. तीस वर्षं झाली नोकरीला. पुढच्या आठवड्यात तपासणी हाय. त्या फुल्या खोडा, पास करून टाका, आन् मग शिकवा काय शिकवायचं ते.”

“खोडणार नाही.”

“मग चोवीस पोरं नापास दाखवता?”

तिथे मॅडम अडल्या. फुली काढावी तर चुकीला बरोबर म्हणायचं, ठेवावी तर ज्यांनी सांगितल्यासारखं केलं त्यांनाच शिक्षा. राग नेमका कुणावर काढावा, हे त्यांना कळेना. सगळ्या पत्रिका उचलून त्या बाहेर पडल्या. एकीवरही गुण लिहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. हजेरी घेऊन मॅडमनी वर्ग उठवला आणि शेजारच्या सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर नेला. जनावरं चारा छावणीला गेल्यामुळे रांग चार-पाच माणसांची. सचिव रामकिसन मापं धूत बसला होता.

“रामकिसनभाऊ, लिटरचं, अर्ध्या लिटरचं आणि शंभर मिलीचं माप द्या घडीभर.”

परमेश्वरने पाचशे मिलीचं माप दुधाने भरून लिटरच्या मापात ओतलं. माप निम्मं भरलं.

“किती लिटर?”

“अर्धा.”

“आकड्यात?”

“शून्य पॉइंट पाच.” त्याने पुन्हा मापात पाहिलं. “मी पत्रिकेत पाच लाख लिहिलंय.”

“पाच लाख?” रामकिसन हसला. “एवढं दूध आख्ख्या तालुक्यात न्हाई रे यंदा!”

रांगेतले लोकही हसले. मॅडम हसल्या नाहीत. “हसू नका,” त्या म्हणाल्या, “पोराची चूक नाही ती.” मग योगेश्वरीला पुढे बोलावलं. तिने शंभर मिलीचं माप दहा वेळा मोजून लिटर भरला आणि एका दमात म्हणाली, “माप मोठं, आकडा कमी. माप बारकं, आकडा जास्त.” चोवीस पोरांनी तिचं वाक्य वहीत लिहून घेतलं, सरांच्या चौकटीवर काट मारून.

सोमवारी अर्जुनरावांची नोटीस आली: परवानगीशिवाय वर्ग शाळेबाहेर नेला, खुलासा करावा. मॅडमनी खुलासा चार ओळींत लिहिला आणि सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली. अर्जुनरावांनी ते पान पाहिलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढे ना खुलासा वर गेला, ना नोटीस. वर्गासमोर येऊन ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द म्हणा, असं मॅडमनी त्यांना दोनदा सुचवलं. ते म्हणाले नाहीत.

नवी कृतिपत्रिका झाली. चोवीसपैकी एकोणीस जणांची टिंबं जागेवर आली, परमेश्वरचीही. पाच जण मात्र अजून उलटेच सरकवत होते, कारण सरांची चौकट त्यांना पाठ झाली होती आणि पाठ झालेलं सहज सुटत नाही. त्या पाच जणांना घेऊन मॅडम रोज अर्धा तास जास्त बसू लागल्या. ऑफिसासमोरून जाताना त्यांचा आवाज अजूनही बारीकच असायचा.