नाल्याकडची बाजू

मला सर्व्हेच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या, कामाला लावलं ते ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी. ते सरकारी भूमापन खात्यातून रिटायर झालेले. मी डिप्लोमा करत असताना गणितात अडले की त्यांच्याकडे जायचे. ते चहा पाजायचे आणि एकच गोष्ट घोकून घ्यायचे: आधी कोनांची बेरीज कर, ती जमली तरच पुढे जा. त्रिकोणाच्या आतल्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी, चौकोनाची तीनशे साठ, पाच कोपऱ्यांची पाचशे चाळीस. "जमीन खोटं बोलत नाही, आपण चुकतो," असं ते म्हणायचे. पुढे मला ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका सर्व्हे ऑफिसात नोकरी लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता.

त्यानंतर काही वर्षांनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने प्लॉटचा नकाशा दिला आणि कमिटीला त्यातलं क्षेत्रफळ कमी वाटलं. म्हणून काकांनी स्वतः मोजणी करायचं ठरवलं. ओळखीतून जुना थिओडोलाइट, कोन मोजायचं यंत्र, आणला. पाच कोपऱ्यांवर भिंतीलगत खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्यावर यंत्र लावून कोन घेतले आणि टेपने बाजू मोजल्या. कल्याणच्या एका ड्राफ्ट्समनकडून नकाशा काढून घेतला. त्यात बिल्डरपेक्षा जवळपास पावणेचारशे चौरस मीटर जास्त आले.

मग काय, सोसायटीत नुसता गोंधळ. सेक्रेटरींनी गेटवर बॅनर लावला, 'जमीनचोरांना थारा नाही'. बिल्डरला वकिलामार्फत नोटीस गेली. बायका आईला थांबवून सांगायच्या, काकांनी बघा कसं पकडलं. काका तेव्हा सकाळी खाली बाकावर बसायचे आणि येणारा-जाणारा त्यांना हात जोडून जायचा. मी हे बघितलंय. एवढा मान त्यांना नोकरीतही मिळाला नसेल.

एका रविवारी मी आईकडे आलेले, तर सेक्रेटरी वर आले. हातात नकाशा आणि काकांच्या मोजणीच्या पानांची झेरॉक्स.

"तुझ्या ऑफिसचा शिक्का लागला की बिल्डरचं तोंड बंद," ते म्हणाले. "आता नाही म्हणू नकोस. घरचं काम आहे."

"सही करायची तर एकदा तपासावं लागेल," मी म्हटलं.

"तपास की. काकांचं काम आहे, त्यात काय सापडणार?"

मलाही तसंच वाटत होतं. मी आईच्या डायनिंग टेबलावर बसून काकांनी शिकवलेलंच पहिलं काम केलं, पाच कोनांची बेरीज. पाचशे चाळीस अंश आणि वर फक्त वीस सेकंद; सेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. त्या जुन्या यंत्रावर वीस सेकंद म्हणजे काहीच नाही. मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाने असे कोन घेतले याचं मला फार कौतुक वाटलं. मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, काका अजून काका आहेत.

मग सहज नकाशावरच्या बाजू पानाशी ताडून बघितल्या. चार जुळल्या. शेवटची, म्हणजे पाचव्या कोपऱ्यापासून पुन्हा पहिल्यापर्यंतची, जुळेना. पानावर एक लांबी, नकाशावर वेगळीच. ड्राफ्ट्समनने काय केलं होतं ते लगेच कळलं. चार बाजू मापाने काढल्या आणि पाचवी मापाने येईना तेव्हा शेवटचं टोक ओढून पहिल्या बिंदूला चिकटवलं. कागदावर आकृती बंद झालेली दिसत होती. जमिनीवरच्या मापांनी ती बंद होत नव्हती.

मी लॅपटॉप काढला. तत्त्व सोपं आहे. पहिल्या कोपऱ्यावरून निघून प्रत्येक बाजू किती उत्तरेला गेली आणि किती पूर्वेला गेली ते मांडायचं, दक्षिण-पश्चिमेला गेली तर वजा करायचं. फिरून तुम्ही निघालेल्या जागीच आलात, तर दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. थोडे सेंटीमीटर सुटतात, ते सगळ्यांचेच सुटतात. काकांच्या मापांनी मी निघालेल्या खिळ्यापासून नऊ मीटर लांब जाऊन पोचत होते.

कोन बरोबर होते, तेव्हा चूक कुठल्या तरी लांबीत होती. आणि एकाच लांबीत चूक असेल तर ती स्वतःच बोट दाखवते: जी बाजू जास्त लिहिली गेली, त्याच बाजूच्या दिशेने शेवटचा बिंदू पुढे सरकतो. मी त्या नऊ मीटरची दिशा काढली. ती नाल्याकडच्या बाजूच्या दिशेशी जुळली. प्लॉट चौकोनी असता तर समोरची बाजूही तशीच धावली असती आणि दोघींपैकी कोण हे सांगता आलं नसतं. पण आमची नाल्याकडची भिंत तिरकी, तिच्याशी समांतर दुसरी एकही बाजू नाही.

पानावर त्या बाजूसमोर लिहिलं होतं, ५४.३०. त्यातून नऊ वजा केले की ४५.३०. आकडे उलटे पडले होते.

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की कोन काकांच्या अक्षरात होते, पण लांब्यांचे आकडे दुसऱ्याच अक्षरात. ते वळणदार अक्षर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आम्ही रोज बघायचो. टेप धरून काका आकडा मोठ्याने सांगत होते आणि सेक्रेटरी लिहीत होते. आपल्याकडे पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतो. ऐकता ऐकता लिहिणाऱ्याने पाच आधी लिहिला.

मी खाली गेले. काकांना सगळं दाखवलं. त्यांनी पान लॅपटॉपशेजारी धरलं आणि ५४.३० वर बोट ठेवलं. मग म्हणाले, "टेप आण."

आम्ही दोघं मागे नाल्याकडे गेलो. खिळे जागेवर होते. स्टीलचा टेप मी ताणून धरला, काका वाचायला वाकले आणि मग सरळ उभे राहून म्हणाले, "तूच वाच."

पंचेचाळीस मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर.

तो आकडा घालून पुन्हा मांडलं तेव्हा पाचव्या बाजूने आम्ही पहिल्या खिळ्यापासून चार सेंटीमीटरवर येऊन पोचलो. मोजणी चोख होती, एक आकडा सोडून. क्षेत्रफळ मात्र तीनशे चौरस मीटरने खाली आलं. आणि तरीही बिल्डरचा नकाशा बरोबर ठरत नव्हता. गल्लीच्या बाजूला, जिथे शेजारी त्याचीच दुसरी इमारत होत होती, त्याने आमची भिंत दीड मीटर आत दाखवली होती. साधारण सत्तर चौरस मीटर तो खरोखरच खात होता.

"सत्तर तर सत्तर," मी म्हटलं. "काका, ते आपलेच आहेत. तेवढ्यासाठी भांडू."

ते म्हणाले, "पावणेचारशेसाठी बॅनर लावल्यावर सत्तरसाठी कोण भांडतं?"

मग सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. बिल्डरचा माणूसही आलेला. मी सरळ सांगितलं: एका बाजूचा आकडा उलटा लिहिला गेला, बरोबर क्षेत्रफळ हे, आणि बिल्डरच्या नकाशात गल्लीकडची पट्टी कमी आहे. मागून कोणीतरी विचारलं, "आकडा कोणी उलटा लिहिला?"

सेक्रेटरी पुढच्याच रांगेत बसलेले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. मी बोलणार तेवढ्यात काका उठले.

"मोजणी माझी," ते म्हणाले. "जबाबदारी माझी."

सेक्रेटरींनी चष्मा परत लावला.

मग बिल्डरचा माणूस हसतमुखाने उभा राहिला. "काकांचं वय झालंय, होतं असं," तो म्हणाला. "पण मॅडम, तुम्हीच म्हणता तुमची मोजणी चुकली होती. एक आकडा चुकला, तर गल्लीकडचे आकडे बरोबर कशावरून?"

"कारण आता ते बंद होतंय," मी म्हटलं. "कोनांची बेरीजही जमते आणि मापंही निघाल्या जागी येतात. चुकीचा आकडा आत राहिला असता तर हे जमलंच नसतं. हवं तर उद्या माझ्यासमोर तुमच्या माणसाकडून मोजून घ्या."

माझं उत्तर बरोबर होतं. हॉलमधल्या कोणालाही त्यात रस नव्हता. त्यांनी आधीच तीनशे मीटरमधून जास्तीचे फ्लॅट मनात वाटून घेतले होते, आणि ते मी काढून घेतले. पाठीमागच्या एकाने म्हटलं, "ठाण्याच्या ऑफिसांना कामं बिल्डरच देतात ना?" दोन-तीन जण हसले. ते मला लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्या घरी मी जेवलेली होते.

गल्लीची पट्टी कोणी मोजली नाही. नोटीस मागे घेतली गेली, बॅनर उतरला आणि बिल्डरच्या नकाशावर सह्या झाल्या. सेक्रेटरींनीच पहिली सही केली. मी पट्टीबद्दल दोन पत्रं दिली, ती दप्तरी दाखल झाली. नंतर आईला सांगितलं गेलं, मुलीला म्हणावं आता पुरे, कामाला उशीर होतोय.

काकांनी बाकावर बसणं सोडलं. एका संध्याकाळी मी दार वाजवलं तर काकूंनी उघडलं. काका आत खुर्चीवर होते. मी म्हटलं, तुम्ही का नाही सांगितलंत की आकडा तुम्ही लिहिला नव्हता?

"मी वाचून खात्री केली नाही," ते म्हणाले. "लिहिणाऱ्याकडून आकडा परत म्हणून घ्यायचा असतो. तीस वर्षं घेतला. घरचं काम म्हणून तेवढ्यापुरता सोडला."

"मग मी गप्प राहायला हवं होतं का?"

"नाही. तू बरोबर केलंस." मग ते म्हणाले, "पण आता काही दिवस येऊ नकोस. तू आलीस की लोक काकूला प्रश्न विचारतात."

मी गेले नाही. इमारत पाडायच्या आधी ते कायमचे मुलाकडे गेले. फोन केला तर काकू घेतात, ते झोपलेत म्हणतात.

आईला नव्या टॉवरमध्ये घर मिळालं, ठरलं होतं तेवढंच, एक खोली कमी नाही की जास्त नाही. गल्लीच्या बाजूला बिल्डरच्या त्या दुसऱ्या इमारतीला गाड्या वळवायला आता प्रशस्त जागा आहे. आई कधी कधी खिडकीतून तिकडे बघत म्हणते, तू नसतीस बोलली तर निदान काका तरी राहिले असते इथे. मी तिला समजावत बसत नाही. बिल्डरने पालिकेच्या मंजुरीसाठी मोजणी केली असतीच, तीनशे मीटर गेलेच असते, हे तिला माहीत आहे. तरी ती म्हणते.