दोन खिट्या आणि एक शब्द

पेटंटच्या कागदात मी आजवर केलेली सगळ्यात मोठी चूक मला एका गुऱ्हाळवालीने दाखवली. तेव्हा मुदतीचा एकच दिवस उरला होता.

पॉलिटेक्निकमध्ये मी पंचवीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलं. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका पेटंट एजंटसाठी भाषांतरं करू लागले. आपल्याकडे पेटंटचा अर्ज इंग्रजीत नाहीतर हिंदीत द्यावा लागतो. कोल्हापूरच्या आसपासचे कारागीर मात्र आपलं यंत्र मराठीतच सांगतात. ते मराठी मी इंग्रजीत करायची, आकृत्या नीट काढायची आणि एजंटबाई त्यावरून दावे लिहायच्या. दावा म्हणजे यंत्रातला नेमका कोणता भाग माझा, हे सांगणारं वाक्य. पेटंटने जो काही हक्क मिळतो, तो त्या वाक्यापुरताच.

त्या गुऱ्हाळवालीला सगळे वहिनीच म्हणतात. त्यांचं गुऱ्हाळ पेठ वडगावच्या अलीकडे. काही वर्षांपूर्वी उकळता पाक गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतताना माणसांच्या हातून काहिल, म्हणजे रस आटवायची भलीमोठी कढई, सुटली आणि त्यांच्या धाकट्या दिराचा पाय गुडघ्यापर्यंत भाजला. त्यानंतर वहिनींनी गावच्या वेल्डरला हाताशी धरून एक चौकट बनवली. चुलवाणावरून उतरवलेली काहिल तीत बसवायची आणि मूठ फिरवून कलंडवायची. मूठ हातातून निसटली तरी काहिल मागे आदळत नाही.

वर्षभरापूर्वी आम्ही प्राथमिक अर्ज दिला होता. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज गेला नाही, तर पहिला अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. ती मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. दुपारी एजंटबाईंचे दावे आले आणि नेहमीप्रमाणे मी पहिला दावा फोनवर वहिनींना मराठीत वाचून दाखवला.

"...आणि एक खिटी, बावीस नंबर, जी चौकट आडवी धरून ठेवते आणि काहिल कलंडत असताना दात्यांच्या चाकात अडकते."

वहिनी म्हणाल्या, "बाई, खिटीनं चौकट धरून ठिवली तर काहिल कलंडंल कशी?"

"म्हणजे?"

"अवो, दोन खिट्या हायत की! चौकट आडवी धरती ती येगळी. ती काढल्याबिगर मूठ फिरतच न्हाय. चाकात अडकती ती दुसरी."

वहिनींनी यंत्राची माहिती लिहून दिलेल्या वहीत दोन्ही भागांना 'खिटी' म्हटलं होतं आणि मी दोन्ही ठिकाणी एकच इंग्रजी शब्द लिहून मोकळी झाले होते, लॅच. आकडे मात्र वेगळे दिले होते, बावीस आणि सव्वीस. मग एजंटबाईंनी दोन्ही एक का केल्या?

त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तुमच्या तिसऱ्या आकृतीत सव्वीस नंबर मुठीला आहे. म्हणून वर्णनातला लॅच सव्वीस म्हणजे टायपिंगची चूक, असं मी धरलं."

आकृती उघडून पाहिली. मूठ चोवीस असायला हवी होती. चोवीस आणि सव्वीसच्या रेघा मी अदलाबदल करून ओढल्या होत्या. एकच आकडा सगळ्या आकृत्यांत एकाच भागाला हवा, हे मी वर्गात किती पोरांना ओरडून सांगितलं असेल!

एजंटबाईंचा आवाज कोरडा होता. "हे असंच गेलं असतं तर आपण चालूच न शकणाऱ्या यंत्रावर हक्क मागितला असता. आधी मला एक सांगा, दोन्ही भाग प्राथमिक अर्जात वेगळे दिसतात का? तिथे नसतील, तर या दाव्याला ती जुनी तारीख मिळणार नाही. मधल्या काळात कुणी असं यंत्र बाजारात आणलं असलं तर?"

मधल्या काळात वहिनींचं यंत्र बघायला तालुकाभरातून माणसं येऊन गेली होती. मी जुनी फाईल शोधू लागले. पहिली आकृती सापडली. चाकाशी बावीस. चौकटीच्या पायाशी, भोकासकट, सव्वीस. वर्णनात शब्द एकच होता, पण जागा आणि काम दोन्हींचं वेगळं लिहिलं होतं.

"आहेत," मी म्हटलं.

"मग वाचलो. पण आता मला अंदाजाने काही नको. उद्या चारपर्यंत सगळं द्या."

सकाळी आठला स्कूटरवर लॅपटॉप टाकून मी गुऱ्हाळ गाठलं. गूळ रांधणारा गुळव्या उकळत्या काहिलीवरची मळी काढत होता. वहिनी म्हणाल्या, "बसा, आता उतरंल. डोळ्यानं बघा."

काहिल चौकटीत बसली. वहिनींनी वाकून पायाशी असलेली खिटी ओढून काढली आणि खांबाला टांगली. मग मूठ फिरवली. टक्, टक्, टक्. प्रत्येक दात्यावर दुसरी खिटी उचलली जायची आणि खाली पडायची. मध्येच त्यांनी मूठ सोडून दिली. मी दचकून मागे सरले. काहिल जागची हलली नाही.

"कळलं न्हवं?" वहिनी म्हणाल्या.

ऊसतोड्यांच्या खोलीबाहेरच्या बाजेवर बसून मी कामाला लागले. चाकात पडणारी खिटी पॉल झाली, बावीस. ओढून काढायची ती लॉकिंग पिन, सव्वीस. मूठ चोवीस. हे कागदावर लिहून समोर ठेवलं आणि संपूर्ण वर्णनात 'लॅच' शोधला. एकोणीस ठिकाणी होता. सगळे एकदम बदलता येत नव्हते. प्रत्येक वाक्य वाचून, ही कोणती खिटी, हे ठरवावं लागत होतं. दोन वाक्यांत मलाच कळेना, तेव्हा वहिनींना हाक मारली. त्या हात पुसत आल्या, ऐकून म्हणाल्या, "ही खालची," आणि परत गेल्या.

तिसऱ्या आकृतीत काहिल कलंडलेली होती. म्हणजे तिथे पिन चौकटीत असायलाच नको. ती मी खांबाला टांगलेली काढली, आकडे सुधारले आणि तिन्ही आकृत्यांवरचा प्रत्येक आकडा वर्णनाशी बोट ठेवून ताडून पाहिला. मग उलटं केलं, वर्णनातला प्रत्येक आकडा आकृतीत शोधला. साडेतीनला सगळं पाठवलं.

एजंटबाईंनी दावा नव्याने लिहून पाठवला. त्यात पिन काढल्यावरच चौकट फिरते आणि फिरताना पॉल तिला मागे येऊ देत नाही, असा क्रम होता. मी तो वहिनींना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचला.

"व्हय. हेच हाय."

पाचला दहा मिनिटं असताना अर्ज दाखल झाल्याची पावती आली. मला रडू फुटलं. वहिनींनी वाटीभर कोमट काकवी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "चूक माझी बी हाय. म्याच दोघींस्नी एक नाव ठिवलं."

"तुमची नाही," मी म्हटलं. "विचारायचं काम माझं होतं."

बऱ्याच महिन्यांनी पेटंट कार्यालयाकडून तपासणीचा अहवाल आला. दात्यांच्या चाकात अडकणारा पॉल जुनाच आहे, असा आक्षेप होता, आणि तो खराही होता. एजंटबाईंचं सगळं उत्तर पिन आणि पॉल यांच्या त्या क्रमावर उभं राहिलं. ते मान्य झालं. पेटंट मिळालं, त्या दिवशी वहिनींचा फोन आला. बातमी सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, चौकटीत आनि एक बदल केलाय. ह्या बारीला नावं येगयेगळी ठिवल्यात. कवा येताय?"