सरळ काढलेली भिंत

बाभुळगावजवळच्या कापसाच्या जुन्या दगडी जिनिंग कारखान्याचं आम्ही लेझरनं स्कॅनिंग करत होतो, तेव्हा तिथला म्हातारा चौकीदार म्हणाला, "साहेब, मांगच्या भिंतीनं पोट काढलं हाये."

स्कॅनच्या ठिपक्यांतही तो फुगवटा वीतभर दिसत होता. पण त्यावरून संगणकावर करायच्या मॉडेलमधली तयार भिंत सरळच येते. फुगवटा हातानं काढायला दोन दिवस गेले असते. मी आळशी गाढव, सरळ भिंत टाकून मोकळा झालो. देखभालीची यादी त्याच मॉडेलवरून निघाली. तीत कौलं होती, पन्हाळी होत्या, ती भिंत नव्हती.

पावसाळ्यात ती चौकीदाराच्या खोलीवर पडली. दवाखान्यात, पाय कापलेला तो मलाच समजावत होता, "तुमच्या मशीनले दिसलं नसन, साहेब."

"नाही दिसलं," मी म्हणालो.