आठ मिनिटांचा डाव

झाउरेशने तोंडाला कुलूप लावून घेतलं होतं, कारण नियमच तसा होता. बाहेरचा माणूस खेळायला बसला की खेळ बनवणाऱ्याने मागे उभं राहायचं, आणि चकार शब्द काढायचा नाही. खेळणारा चुकला, अडला, चिडला तरी नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अकरा वर्षं कारागांदाच्या बस डेपोत ड्रायव्हरांवर ओरडून घसा कमावलेला, आणि आज तिला गप्प बसायचं होतं. याहून मोठी शिक्षा ती काय!

खुर्चीत झुमाताय आगा बसले होते. रेल्वेतले निवृत्त गाडीनियंत्रक. छत्तीस वर्षं एका टेबलाशी बसून, कुठली मालगाडी कुठे थांबवायची आणि कुठली आधी सोडायची, हे त्यांनी ठरवलं होतं. आज सकाळपासून नऊ माणसं खेळून गेली होती, हे दहावे. आणि सगळं घोडं या दहाव्यापाशी येऊन अडलं होतं.

पैज अशी होती. खेळ टॉवर डिफेन्सचा. एका बाजूने उंदरांच्या टोळ्या येतात, दुसऱ्या बाजूला धान्याचं कोठार असतं. मधल्या मोकळ्या मैदानात आपण मनोरे उभे करायचे. मनोरे उंदरांना टिपतात, आणि भिंत बनून त्यांची वाटही वळवतात. झाउरेशने असे चाळीस डाव रचले होते. प्रत्येक डावात पाच टोळ्या, आठ मिनिटांत खेळ खलास. दोन वर्षं चौकडीच्या कागदावर पेन्सिल झिजवून बसवलेले डाव होते ते.

डेपोत असताना ती हेच खेळ जेवणाच्या सुट्टीत खेळायची. पण बाजारातले खेळ कसे, तर संपायचं नावच नाही! दोनशे पातळ्या, वर रोज हजेरी लावा, नाहीतर बक्षीस बुडालं. अरे, बसचं वेळापत्रक काय कमी होतं? रोज पहाटे एक ड्रायव्हर आजारी, एक बस बंद, केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिला असं काहीतरी हवं होतं की समोर सगळी वाट दिसावी, शांतपणे आखणी करावी, ती बरोबर निघाली हे डोळ्यांनी बघावं, आणि चहाचा पेला धुवायला उठावं. कुणी बनवत नव्हतं, म्हणून तिने स्वतः बनवलं.

येरसाइन हा या दोन खोल्यांच्या कंपनीचा मालक. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने वाईट नाही, पण अस्तानाच्या प्रकाशकाने त्याच्या कानात भरवलं होतं की छोटे डाव लोक एकदा खेळतात आणि विसरतात. अंतहीन करा. उंदीर येतच राहिले पाहिजेत, माणूस उठताच कामा नये.

"ताई, भांडून काय होणार? दहा जणांना बसवू," तो परवा म्हणाला होता. "आठ मिनिटांत डाव संपवून ज्याने 'पुढे' दाबलं, तो तुझा. असे आठ निघाले तर खेळ तुझ्या मनासारखा. नाही निघाले तर मी चाळीसच्या चाळीस डाव जोडून एकच अंतहीन मैदान करणार."

"आणि मी उद्यापासून डेपोत," झाउरेश म्हणाली होती. धमकी नव्हती ती. डेपोतली जागा अजून रिकामी होती, आणि तिथल्या साहेबांनी मागच्याच आठवड्यात विचारलं होतं.

नऊ जणांपैकी सात तिचे निघाले. एका बाईला नऊ मिनिटं लागली, एक गडी मधेच फोनवर बोलत उठून गेला. म्हणजे आता आगांनी हो म्हटलं तर दोन वर्षं वाचली, नाहीतर पाण्यात.

पहिली मिनिटं झकास गेली. आगांनी मैदान आडवं कापणारी मनोऱ्यांची लांबलचक भिंत बांधली आणि दोन टोकांना एकेक फट ठेवली. मग एक फट बुजवली. उंदीर नेहमी जवळची वाट धरतात, ते उघड्या फटीकडे पळाले. ते अगदी फटीशी येणार तोच आगांनी दुसऱ्या टोकाचा मनोरा उचलून इथे आणून ठेवला. इकडची वाट बंद, तिकडची खुली. सगळी टोळी गर्रकन वळली आणि भिंतीलगत मार खात उलटी पळत सुटली.

"अस्सं!" आगा खुशीत म्हणाले. "या लूपवरून त्या लूपवर, या बाजूच्या रुळावरून त्या. आमचा धंदाच हा."

झाउरेशने घड्याळाकडे बघितलं.

ही करामत तिला ठाऊक होती. टॉवर डिफेन्स खेळणाऱ्या प्रत्येक मुरलेल्या माणसाला ठाऊक असते. म्हणूनच बहुतेक खेळांत मनोरा काढला की त्याची पुरी किंमत परत मिळत नाही. दर वेळी थोडं नुकसान होतं, आणि अशी ये-जा फार वेळ परवडत नाही. पण झाउरेशने काय केलं होतं? पुरी किंमत परत! का, तर आखणी करणाऱ्या माणसाला खोडरबराचा दंड बसू नये. वेळापत्रक आखणाऱ्या बाईलाच सुचावी अशी दया. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चार मिनिटं झाली. तिसरी टोळी ये-जा करून मेली, चौथीही. मग पाचवी आली, जाड्या उंदरांची. या उंदरांच्या जखमा चालता चालता भरून यायच्या. आगांचे मनोरे भिंतभर विखुरलेले, एकेकटे चिमटे काढणारे. उंदीर या टोकाकडून त्या टोकाकडे जात, जखमी होत, आणि पोचेपर्यंत पुन्हा ठणठणीत. आगा मनोरा उचलत आणि ठेवत होते. उंदीर कोठाराला पोचत नव्हते, पण मरतही नव्हते.

पाच मिनिटं. साडेपाच.

येरसाइन खिडकीशी टेकून बघत होता. त्याने वाटीतला एक तळलेला बाउरसाक तोंडात टाकला आणि हळूच म्हणाला, "बघ ताई. अंतहीन. तुझ्याच डावात, माझ्या मदतीशिवाय."

"गप," ती दातांमधून म्हणाली.

"आगांना मजा येतेय की."

हेच तर तिला झोंबलं. मजा येत होती खरी! म्हातारा गालात हसत होता. मग आपणच चुकलो की काय? लोकांना संपणारं काही नकोच असतं का? फक्त ये-जा हवी, कुणी पोचायला नको आणि कुणी मरायला नको? तिला खुर्चीमागून वाकून ओरडावंसं वाटत होतं, आगा, मनोरे विखरून काय करताय, गोळा करा ना एका जागी! तिने नखं तळहातात रुतवली.

सहा मिनिटं वीस सेकंद. आगांचं हसू मावळलं. त्यांनी घड्याळाकडे नाही, उंदरांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि स्वतःशीच पुटपुटले, "गाड्या फिरवतोय मी. पोचवत कुणालाच नाही."

मग त्यांनी जे केलं ते पाहून येरसाइनसुद्धा खिडकी सोडून पुढे आला. उंदीर उत्तरेच्या टोकाला होते. त्यांना दक्षिणेकडे वळवलं, आणि ते लांबचा पल्ला तोडत असताना आगांनी उत्तरेचे मनोरे धडाधड काढायला सुरुवात केली. एक, दोन, चार, सात. भिंतीला भगदाड पडलं.

"आगा हरले आता," येरसाइन म्हणाला.

उंदीर भगदाडाकडे वळले. तीच आता जवळची वाट होती. पण परत मिळालेल्या पुऱ्या किमतीतून आगा मनोरे पुन्हा उभे करत होते, भिंतभर नाही, भगदाडाच्या दोन्ही अंगांना, खेटून खेटून. सहावा ठेवला. सातव्याला चौकट लाल झाली, तिथे उंदीर आला होता. आगांनी तो मनोरा शेजारच्या चौकटीत ठेवला.

पहिला जाड्या आत शिरला आणि सगळ्या मनोऱ्यांनी एकदम त्याला धरलं. जखम भरायला सवडच मिळाली नाही. दुसरा गेला, तिसराही. चौथा पार कोठाराच्या दाराशी पोचून आडवा झाला. शेवटचा एक लंगडत भगदाडात शिरला, तिथेच पडला, आणि मैदान रिकामं झालं.

सात मिनिटं एक्कावन्न सेकंद.

पडद्यावर एकच बटण उमटलं, 'पुढे'. आगांनी चष्मा काढला, काच सदऱ्याला पुसली. पडद्याकडे बघितलं, बटणाच्या आजूबाजूला काहीतरी शोधलं. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि म्हणाले, "बोल्दी." टोपी घातली, दोघांना मान लववून जिन्याकडे निघाले. बटण तसंच राहिलं.

येरसाइनने हातातल्या खुणांच्या तक्त्यावर पेन टेकवलं. "नाही दाबलं. सात."

"थांब! बोल्दी म्हणाले ते."

"ऐकलं मी. बोल्दी, म्हणजे पुरे झालं. कंटाळले."

"बोल्दी म्हणजे झालं, संपलं, पूर्ण झालं! माझी आई नान भाजून झाला की म्हणायची."

"आणि माझी आई मी बडबडलो की म्हणायची," येरसाइन म्हणाला. "शब्द एकच आहे, ताई. तू हवा तसा ऐकणार."

आता तिच्या कुलपाची गरज उरली नव्हती. ती तशीच, कोट न घालता, जिन्यावरून धावली. मार्चचा चिखल आणि खाली टायरवाल्याच्या दुकानाची घाण तुडवत तिने आगांना बसथांब्यावर गाठलं. मागून येरसाइनही आला, हातात तक्ता घेऊनच.

"आगा, कुठलं बोल्दी?" तिला धाप लागली होती. "कंटाळलात की संपलं?"

पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने आगांनी तिच्याकडे बघितलं.

"कंटाळलो असतो तर गाड्या रुळावर टाकून उठलो नसतो का? छत्तीस वर्षं तेच केलं. पाळी संपायची, गाड्या नाही संपायच्या. अर्ध्या वाटेवरच्या चाळीस गाड्या दुसऱ्याच्या हातात देऊन घरी जायचो, आणि बायको वाढायची तरी मी तिसऱ्या लूपवरच असायचो. मुलगा काय म्हणाला तेही ऐकू यायचं नाही. आज पहिल्यांदा शेवटची गाडी आत घेतली आणि मग उठलो. आता घरी जाईन ते रिकाम्या डोक्याने जाईन." त्यांनी टोपी सारखी केली. "तुझ्या पडद्यावर बोल्दी म्हणायला बटणच नाही. 'पुढे', 'पुढे'! माणसाने जायचं कुठून?"

झाउरेशने कपाळावर हात मारला. संपणाऱ्या डावांसाठी दोन वर्षं भांडली, आणि संपवायचं बटण तिनेच ठेवलं नव्हतं.

"आणि दुसरा डाव?" येरसाइनने विचारलं. "खेळाल का, आगा?"

"उद्या. तीन वाजता मोकळा असतो मी. पण एकच हं. अन् तो संपणार असेल तरच येतो."

बस आली आणि आगा चढले. येरसाइन तक्त्याकडे बघत उभा राहिला. नियमात 'पुढे दाबलं' असं लिहिलं होतं, 'उद्या येतो' असं नव्हतं. ते त्यानेच लिहिलं होतं. त्याने पेन चालवून बघितलं, ते थंडीने गोठलं होतं. तोंडाची वाफ देऊन पुन्हा चालवलं आणि आठवी खूण केली.

"प्रकाशकाला काय सांगणार तू?" झाउरेशने विचारलं.

"बोल्दी सांगतो," येरसाइन म्हणाला. "चल आता, कोट कुठाय तुझा? आजारी पडशील आणि बटण मला करत बसावं लागेल."

ती हसली, आणि मग हसू थांबेचना म्हणून तिथेच थांब्याच्या बाकावर बसून रडली.