विषयाच्या ओळीतला प्रश्न

आमच्या कॉलेजात अंतर्गत गुण भरायची वेबसाइट शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. त्यानंतर रिकाम्या राहिलेल्या रकान्याचा अर्थ नापास. म्हणून त्या दिवशी दुपारी तास संपवून स्टाफरूममध्ये आले, तशी आधी संगणकावर बसले. भूगोलाचे सगळे प्रकल्प ई-मेलनं आले होते. विषय होता आपापल्या गावचा आठवडी बाजार.

एकच मेल वेगळा होता. उघडला तर आत काहीच नाही. मजकूर नाही, फाइल नाही. वरच्या विषयाच्या ओळीत मात्र एक वाक्य: ‘मॅडम, असाइनमेंट पाठवू का?’

पाठवणारी देवगाव रंगारीची मुलगी. हजेरीला ‘येस मॅडम’ इतकं म्हणायची, तेही शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मेल सकाळी आलेला. म्हणजे ही तेव्हापासून माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती.

शेजारचे सर माझ्या खांद्यावरून डोकावले. “रिकामं पाकीट? शून्य टाका आणि चहाला चला.”

“तुम्ही व्हा पुढं,” मी म्हटलं.

मला गोष्ट कळली होती. आमची मुलं फोनवर आधी ‘मॅडम, पाठवू का?’ विचारतात, मी ‘हो’ म्हटलं की फोटो टाकतात. शिक्षकांना न विचारता काही पाठवणं त्यांना आगाऊपणा वाटतो. तिनं तोच रिवाज ई-मेलला लावला होता. तिला फोन केला असता तर ती घाबरून गप्पच बसली असती. म्हणून लिहिलं:

‘हो, पाठव. मेल पाठवताना आधी विचारावं लागत नाही. मी कामात असले तरी तो येऊन थांबतो आणि मी सवडीनं उघडते. आता असं कर. याच मेलला रिप्लाय कर. वर कागदाला लावायच्या पिनेसारखी खूण आहे, ती दाब आणि तुझी फाइल निवड. फाइलचं नाव मेलमध्ये खाली दिसलं की मगच बाणाची खूण दाब. वेगवेगळे फोटो असतील तर तसेच जोड, चालेल. नंतर ‘सेंट’मध्ये जाऊन फाइल गेली का बघ. चुकलं तर पुन्हा पाठव, काही बिघडत नाही. पाच वाजेपर्यंत मी इथंच आहे.’

लगेच उत्तर आलं: ‘हो मॅडम.’ फाइल नाही. सर चहा पिऊन परत आले होते, ते खुदकन हसले. मी दुसऱ्या मुलांचे गुण भरायला घेतले. चार वाजले. साडेचार वाजले. तिचा रकाना तेवढा रिकामा राहिला.

आणि मग मेल आला. पिनेची खूण दिसली. फाइल उघडली. हातानं लिहिलेली पानं, मोबाइलनं स्कॅन करून एका पीडीएफमध्ये लावलेली, क्रमानं, सगळी सरळ. बाजाराचा नकाशा तिनं स्वतः काढला होता. कन्नडहून कोणता माल येतो, लासूर स्टेशनहून कोणता, जीपनं काय येतं आणि एसटीच्या टपावरून काय, हे बाणांनी दाखवलेलं. बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांच्या मुलाखती होत्या. ही मुलगी अनोळखी बायकांशी बोलली होती! बाकीच्या निम्म्या वर्गानं गावचं नाव बदलून एकमेकांचंच उतरवलं होतं.

“बघा तुमचं रिकामं पाकीट,” मी सरांपुढं स्क्रीन फिरवला.

त्यांनी नकाशा वाचला. “पूर्ण गुण देणार?”

“मग काय, चहा पाजू?”

पाचच्या आत गुण भरले. वर्गात सगळ्यात जास्त तिचेच. तिला कळवलं: ‘मिळालं. सगळी पानं नीट वाचता आली. काम उत्तम आहे.’

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात आली.

“एवढा वेळ का लागला गं?” मी विचारलं.

“घरात रेंज नाय मॅडम. फाइल फिरतच राहायची. मग टाकीवर चढले, तिथं गेली.”

“आणि सकाळीच का नाही पाठवलीस? तयार होती ना?”

“व्हय, पण तुमी कामात असल्या तर? न विचारता कसं पाठवायचं?”

“गुणांची मुदत माझ्या कामासाठी थांबत नसते.”

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. “आता नाय विचारत,” ती म्हणाली. आवाज सरांच्या टेबलापर्यंत पोचला.

पुढच्या सत्राचा प्रकल्प सगळ्या वर्गाच्या आधी तिचा आला. विषयाच्या ओळीत नाव, हजेरी क्रमांक आणि प्रकल्पाचं शीर्षक. आत दोन ओळींचा मजकूर, खाली फाइल. शेवटी लिहिलं होतं, ‘मॅडम, वाचून काय वाटलं ते कळवा.’